ग्रीसचे हात

मुलगी आठवीत होती. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिने विषय घेतला होता, साबणाने तेल का निघतं आणि नुसत्या पाण्याने का नाही. आदल्या संध्याकाळी मी चाकणहून कंपनीच्या बसने थेरगावला उतरले, तेव्हा पाठीचा नुसता पाटा झाला होता. चहासुद्धा करायची इच्छा नव्हती, आणि ही पोर दारातच उभी.

"आई, उद्या तू येशील ना?"

"येईन की. पहिली शिफ्ट संपली की तशीच येते."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ये. पण हात पिशवीमागे ठेव हं. सगळे बघतात."

मी बेअरिंगला ग्रीस भरते. बारीक भाग हातमोज्यात धरवत नाहीत, म्हणून हात उघडेच. काळेपणा नखांच्या कडेला आणि बोटांच्या चिरांत बसलेला. मला राग आला नाही, खोटं कशाला सांगू, रडू आलं. पण रडायलाही जोर लागतो. मी म्हटलं, "बरं," आणि मोरीवर गेले.

ती मागोमाग आली. पाठ केलेलं म्हणून दाखवायला लागली, जलस्नेही, जलविरोधी. मी म्हटलं, "पोपटपंची नको, समजलं का ते सांग." मग मीच सांगितलं. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात, तेलाला आत घेत नाहीत. म्हणून नुसत्या पाण्याने तेल हलत नाही, वरून पाणी ओघळून जातं. साबणाच्या कणाला दोन टोकं. एकाला पाणी आवडतं, दुसऱ्या लांब शेपटीला तेल. शेपट्या तेलात घुसतात, आपण चोळलं की तेलाचे बारीक थेंब सुटतात, आणि पाणी आवडणारी टोकं थेंबाभोवती बाहेर राहतात. त्यामुळे थेंब परत एकत्र येत नाहीत, पाण्याबरोबर वाहून जातात. "डिटर्जंटचंही तसंच, फक्त ते क्षारांच्या जड पाण्यातही चालतं," मी म्हटलं. आयटीआयला हे शिकले होते, आणि रोज हातावर बघते.

दुसऱ्या दिवशी शाळेत पोचले तेव्हा परीक्षक सर तिच्या टेबलापाशीच होते. मी पिशवी छातीशी धरून मागे उभी राहिले. तिने गोडेतेल लावलेली चिंधी आधी पाण्यात बुडवली, तेल तसंच. हे बरोबर झालं. मग अंगाच्या साबणाने चोळली. फेस येईना. पाण्यावर पांढरट साय धरली आणि चिंधी चिकटच राहिली. शाळेचं पाणी बोअरचं, आणि घरी तिने सराव केला होता तो नळाच्या पाण्यात.

"का नाही निघालं?" सरांनी विचारलं. आवाज वाईट नव्हता, पण तिचा चेहरा पडला. मी बोलले असते तर सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं असतं.

तिने मान वर करून मला शोधलं.

"आई, पुडी आहे ना तुझ्याकडे?"

होतीच. कंपनीच्या मोरीवरचा साबणाचा डबा कायम रिकामा, म्हणून आम्ही सगळ्या बायका जेवणाच्या पिशवीत कपडे धुण्याच्या पावडरची पुडी बाळगतो. मी ती पुढे केली. पुडीबरोबर हातही पुढे आले, ते काही पिशवीमागे ठेवता येईनात.

तिने माझे हात धरले. "सर, बोअरच्या पाण्यात क्षार जास्त आहेत. साबण त्यांच्याशीच जुळतो, त्याची ही साय झाली. तेलासाठी साबण उरलाच नाही. डिटर्जंटचं असं होत नाही." मग कोरड्या हातांवरच पावडर टाकली. आम्ही कंपनीत तसंच करतो. आधी पाणी घेतलं की पावडर वाहून जाते आणि ग्रीस जागेवर राहतं. नव्या मुली हमखास तिथे चुकतात. ही चुकली नाही. पाण्याचे चार थेंब घेऊन तिने बोटन् बोट चोळलं, आणि चोळताना शेपट्यांचं सगळं सांगितलं, तेही पाठ केल्यासारखं नाही. तोवर बघ्यांची गर्दी झाली. पाणी ओतलं तसं घमेल्यात काळं उतरलं.

सरांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. "आणि या रेघा? त्या का राहिल्या?"

तिने हात सोडला नाही. "त्यात लोखंडाचा बारीक चुरा आहे, सर. चिरांत खोल गेलाय. आईचे हात रोज तसेच असतात."

जवळ फडकं नव्हतं. तिने सगळ्यांसमोर गणवेशाच्या पांढऱ्या ओढणीने माझे हात पुसले, अगदी बोटांच्या मधून. एरवी मी ओरडले असते. ओढणी मलाच धुवायची होती. पण मी हात तसेच तिच्याकडे राहू दिले.