यादीत नसलेली बाई

संसर्गाच्या रुग्णालयातल्या थोरल्या परिचारिकेला सगळे बॅटरीबाई म्हणत. खिशात छोटी बॅटरी, हातात लाकडी पट्टी आणि तोंडात एकच वाक्य, "आ करा." एकोणतीस वर्षांत तिने इतके घसे पाहिले होते, की माणसांचे चेहरे तिला उगाच लावलेल्या पडद्यासारखे वाटत. पडदा बाजूला केला की आत बहुधा खोटेपणा असतो, असं तिचं मत होतं. ते बदलावं असं कुणी वागतही नसे.

वकिलाची आठ वर्षांची मुलगी पाचव्या दिवशी आली. चार दिवस घरच्या डॉक्टरांनी "टॉन्सिल आहेत, गुळण्या करा" म्हणत काढले होते. मान बैलासारखी सुजलेली आणि घशात करडा, चिवट पडदा. बॅटरीबाईने पट्टीने तो जरा हलवून पाहिला. निघाला नाहीच, कडेने रक्त मात्र आलं. घटसर्प. डॉक्टरीणबाईंनी नमुना घेतला आणि प्रयोगशाळेची वाट न पाहता आधी प्रतिविष मागवलं.

"अहवाल येऊ द्या ना," वकील म्हणाला. "पुराव्याशिवाय..."

"विष रक्तात आहे तोवरच प्रतिविष त्याला धरतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हृदयात जाऊन बसलं की तुमचा पुरावा घेऊन काय करायचं?"

प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनतं हे कळल्यावर आजी म्हणाली, "आमच्या घरात असलं काही चालत नाही." बॅटरीबाईने तिच्याकडे पाहिलंही नाही. आधी कातडीत थेंबभर देऊन अंगावर काही उठतंय का ते पाहिलं, मग पूर्ण मात्रा शिरेतून सावकाश चढवली. सोबत पेनिसिलिनची इंजेक्शनं. पोरीला गिळता येत नव्हतं, तिला गोळ्या कोण देणार? प्रतिविष विषाला आवरतं, पेनिसिलिन जंतूंना मारतं. एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही. मग पोरीला वेगळ्या खोलीत निजवलं. उशी काढली. हृदयावर ताण नको म्हणून उठायचं नाही, बसायचंही नाही.

आता उरली संपर्कातली माणसं. गेल्या आठवड्यात जे पोरीच्या जवळ होते, त्या सगळ्यांचा घसा पाहायचा, नमुना घ्यायचा आणि अहवाल हाती येण्याआधीच एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या सुरू करायच्या.

वकिलाने यादी करून आणली. टंकलिखित, क्रमांक घातलेली, खाली सही. आई, आजी, धाकटा भाऊ, घरचे डॉक्टर, शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि सहाव्या क्रमांकावर एक न्यायाधीश, ते दहा मिनिटं चहाला आले होते आणि पोर तेव्हा वरच्या मजल्यावर झोपली होती.

"यांचं इथे काय काम?" बॅटरीबाईने विचारलं.

"आमचा घरोबा आहे," वकील म्हणाला.

"घरोब्याने घटसर्प होत नाही, साहेब. तुमचं नाव कुठे आहे?"

"मी तंदुरुस्त आहे. मला काय धाड भरलीये?"

तिने त्याचं नाव लिहिलं, न्यायाधीशांचं खोडलं, आणि "आ करा" म्हणाली. तिच्यासमोर गोळी गिळताना त्याने असा चेहरा केला, जणू उलटतपासणी चाललीये. तिसऱ्या दिवशी त्याने निरोप धाडला, की गोळ्यांनी पोटात ढवळतं, बंद केल्या तर चालेल का? तिने उलट निरोप पाठवला: जेवणानंतर घ्या, आणि दहा दिवस घ्या.

त्याच दिवशी पोरीच्या घशातला पडदा कडेने सुटू लागला. बॅटरीबाई मास्क लावून पातळ पेज घेऊन बसली. पोरीने तोंड मिटून घेतलं.

"का गं? चव नाही?"

"तुम्ही नीट भरवत नाही."

"मग नीट कोण भरवतं? आई?"

पोरीने मान हलवायचा प्रयत्न केला. "स्वयंपाकवाल्या काकू. त्या फुंकर घालून देतात. आधी स्वतः चाखतात."

बॅटरीबाईने चमचा खाली ठेवला. रोज दोन्ही वेळा, एकाच चमच्याने. आणि सहीनिशी केलेल्या त्या यादीत न्यायाधीश होते, ही बाई नव्हती.

वकील बाहेरच्या बाकावर कागद चाळत होता.

"तुमच्याकडे स्वयंपाकाला बाई आहे?"

"होती. मुलगी आजारी पडली तसं काढून टाकलं. हे असलं त्यांच्या वस्तीतूनच येतं ना."

"यादीत का नाही घातलंत?"

"घरातली माणसं विचारलीत तुम्ही," तो खरोखर गोंधळून म्हणाला. "ती घरातली थोडीच?"

काही माणसांवर रागावणंही वाया जातं. बॅटरीबाईने पत्ता विचारला. आठ वर्षं त्याच्या घरी चूल सांभाळणाऱ्या बाईचा पत्ता त्याला ठाऊक नव्हता. तो शेवटी धोबिणीकडून मिळाला.

जिन्याखालची खोली. काकू दुसऱ्या एका घरी कामाला निघाल्या होत्या, गळ्याभोवती जाड ओढणी.

"आ करा."

"मला काही नाही झालेलं, बाई. थोडा घसा बसलाय."

"कधीपासून?"

"काल संध्याकाळपासून. पण सांगू नका कुणाला. नव्या घरी तान्हं बाळ आहे, लगेच काढतील."

बॅटरीचा उजेड आत गेला. उजव्या टॉन्सिलवर करवंदाएवढा करडा ठिपका. बॅटरीबाईचा आवाज नेहमीपेक्षा कोरडा झाला. "बाळाला जवळ घेतलंत?"

"अजून नाही. आज पहिलाच दिवस."

"मग आज जायचं नाही. चला."

"कामावर कोण जाणार मग?"

"मेलात तर तसंही दुसरं कुणीतरीच जाणार आहे."

काकू ओशाळं हसल्या आणि चपला घातल्या. त्यांना दुखण्याच्या दुसऱ्याच दिवशी प्रतिविष मिळालं, पोरीसारखं पाचव्या नव्हे. फरक होता तो एवढाच, पण तोच सगळा होता. तरी बॅटरीबाई रोज तीनदा नाडी बघायची. नवव्या दिवशी पोरीच्या हृदयाच्या आलेखात ठोके अडखळले, दोन दिवसांनी ते सावरले. काकूंचा आलेख सरळच राहिला.

मधल्या काळात घशांच्या नमुन्यांचे अहवाल आले. आईचा स्वच्छ, आजीचा स्वच्छ, धाकट्याचा स्वच्छ. वकिलाचा घसा मात्र जंतूंनी भरलेला. विष बनवणारेच जंतू. त्याला स्वतःला काही होत नव्हतं. तो नुसता वाहून नेत होता, न्यायालयात, शाळेच्या सभेत, लेकीच्या गालापर्यंत.

"प्रयोगशाळेची चूक असेल," तो म्हणाला.

"असेल. तोवर घरात वेगळ्या खोलीत बसा. गोळ्या संपल्या की दोन आठवड्यांनी, चोवीस तासांच्या अंतराने दोन नमुने. दोन्ही स्वच्छ आले की बाहेर."

"लोकांना काय सांगू?"

"टॉन्सिल," बॅटरीबाई म्हणाली.

काकूंची चौदा दिवसांची औषधं संपली, दोन्ही नमुने स्वच्छ आले. घटसर्प होऊन गेला तरी पुढची राखण तो करत नाही, म्हणून जाण्याआधी लशीची सुई दंडात टोचली. बॅटरीबाईने तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. कुणाच्या घशातून निघालं, कुणी कुणाला काढलं. सांगताना तिला बरं वाटत होतं. एवढं बरं तिला वर्षभरात वाटलं नव्हतं. शिव्या ऐकायला ती थांबली.

काकूंनी दंड चोळला. "अगंबाई. म्हणजे साहेब एकटेच खोलीत?"

"एकटेच."

"मग त्यांना जेवायला कोण वाढतं?"

हा घसा बॅटरीबाईने चांगला पाहिला होता. आत काही लपवलेलं नव्हतं, हीच पंचाईत होती.

"दाराबाहेर ताट ठेवतात," ती म्हणाली. "उचलायला शिकलेत आता."