चार, आठ, सोळा

रेल्वेच्या परीक्षेला आम्ही दोघी बसलो होतो. ताईचा हा शेवटचा चान्स होता, पुढच्या वेळी तिचं वय बसणार नव्हतं. तारनाक्याला सेंटरबाहेर भेटल्या भेटल्या ती म्हणाली, "४, ५०, ८, ४५, १६, ४०, पुढे काय गं? मी फरकच काढत बसले, काही जुळेना. त्यातच टाइम गेला, बाकीचे प्रश्न राहिले."

आकडे असे वर-खाली झाले की एक सोडून एक बघायचं, हे मला तिनेच शिकवलं होतं.

"ताई, चार, आठ, सोळा... दुप्पट."

ती चालता चालता थांबलीच.

"हौ. बत्तीस," ती हळूच म्हणाली. "आणि चाळीसच्या पुढे?"

"पस्तीस. पाच-पाच कमी."

"बरोबर. पुढच्या वेळी पण असंच बघ."

पुढच्या वेळी मी एकटीच असणार होते.