जळालेल्या मोटरची चिठ्ठी

माझं अक्षर वाईट आहे. चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. चुकलं असेल तर माफ करावं. भावाला लिहिलेल्या चिठ्ठीतही मी पहिल्या ओळीत हीच माफी मागितली होती. आता त्याचाच राग येतो. पैसे त्याच्याकडे अडकले होते आणि माफी मी मागत होते.

भाऊ म्हणजे माझा चुलत भाऊ. माझ्यापेक्षा मोठा. त्याचं पांढुर्ण्याला खताचं दुकान आहे. सौसरजवळ आमचा संत्र्याचा बगीचा आहे. चार एकर त्याचा, तीन एकर माझा; माझ्या बापाला मी एकटीच, म्हणून त्याचा वाटा माझ्याकडे आला. दोन्हीला मिळून एकच बोअर आहे. आठवड्यातले चार दिवस पाणी त्याचं, तीन दिवस माझं. खर्चही तसाच, सात हिश्शांनी. हे आमच्या बापांनी ठरवलं होतं आणि ते असेपर्यंत कोणी त्यावर एक शब्द बोललं नाही.

भर उन्हाळ्यात मोटर जळली. झाडांवर लिंबाएवढी फळं होती. आठ दिवस पाणी मिळालं नसतं तर सगळी गळाली असती, त्याचीही आणि माझीही. मी फोन केला. तो म्हणाला, "तू बनवून घे बाई, मी देतो ना मंग." सैपाकघरावर नवीन टिनं टाकायला मी पैसे जमवले होते. तेच काढले. माणसं बोलावून मोटर वर काढली आणि गाडीत टाकून सौसरला नेली.

मोटरमध्ये नवी तार भरून देणाऱ्या वाइंडिंगवाल्यानं मोटर उघडली, जळालेली तांब्याची तार काढली आणि काट्यावर ठेवली. दोन किलो भरली.

"सहाशेनं बाराशे झाले, बाई. बिलात कापू का नगद देऊ?"

मला काही समजलं नाही. "हे कायचे पैसे?"

"जुनी तार आम्ही घेतो ना. तिचे पैसे सर्वाइलेच देतो. मागच्या वेळी तुमच्या भाऊनं नगद नेले होते."

मी बिलात कापायला सांगितलं आणि बाकावर बसून राहिले. दोन वर्षांपूर्वीही मोटर जळली होती. तेव्हा भावानं मला खर्चाची चिठ्ठी दिली होती. तिच्यात तारेचा उल्लेख कुठंच नव्हता.

नंतर मी तीनदा फोन केला. पहिल्यांदा "हो, पाहून राहिलो." दुसऱ्यांदा गिऱ्हाईक होतं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मोटर तुह्या दिवशी जळली. सोमवारी तूच चालू केली होती ना? ज्याच्या हातानं जळली त्यानं भरावं."

मला फोनवर बोलता येत नाही. समोरचा आवाज चढला की माझा बसतो. 'बरं' म्हणून मी फोन ठेवला आणि रात्रभर स्वतःलाच बोलत राहिले. म्हणून चिठ्ठी लिहिली. दोन कागद फाडले, तिसरा पोस्टात टाकला. तो असा होता:

"भाऊस नमस्कार. माझं अक्षर चांगलं नाही, चूकभूल माफ करावी. काकूची तब्येत बरी असेल. मोटरचा हिशोब लिहिते. मोटर काढणं-टाकणं तीन हजार. वाइंडिंग सात हजार दोनशे. बुश आणि सील नऊशे. केबल तेराशे. गाडीभाडं जाऊन-येऊन सातशे. एकूण तेरा हजार शंभर. त्यातून जुन्या तारेचे बाराशे कमी केले. राहिले अकरा हजार नऊशे. एक हिस्सा सतराशेचा. माझे तीन हिस्से एक्कावनशे, तुमचे चार हिस्से सहा हजार आठशे. मी सगळे भरले आहेत. पावसाच्या आधी जमलं तर टिनं टाकता येतील. बिलं माझ्याजवळ आहेत, कधीही पाहावीत."

मागच्या तारेबद्दल मी लिहिलं नाही. 'बाराशे कमी केले' एवढंच लिहायची हिंमत झाली.

उत्तर आलं नाही. पाऊस आला. चुलीच्या बरोबर वर टिन फुटलेलं होतं. पोळ्या करताना डोक्यावर थेंब पडायचा आणि दर थेंबाला मला सहा हजार आठशे आठवायचे. नवरा म्हणायचा, "सोड ना, आपलाच माणूस आहे." आपलाच म्हणून तर सोडवत नव्हतं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला दरवर्षी मी पांढुर्ण्याला भावाकडे जाते. काकूच्या, म्हणजे भावाच्या आईच्या, हातानं आता पुरण वाटलं जात नाही. या वर्षीही गेले. पुरुषांची पंगत उठली आणि समोरच्या खोलीतून भावाचा आवाज आला. तो त्याच्या लेकीच्या नवऱ्याला सांगत होता, "पाहा हो जावईबापू, आमच्या बाईनं मले नोटीस पाठवली!"

माझी चिठ्ठी त्याच्या हातात होती.

"वाचाले पंधरा मिनिटं लागले मले. मोटरचा म असा काहाडला, वाटलं म्हशीचंच चित्र आहे." सगळे हसले. मग तो एकेक ओळ सूर लावून वाचू लागला, बुश, सील, केबल. मी दारामागे उभी होते. हातातली पुरणाची परात कुठं ठेवावी तेही सुचेना. अख्ख्या चिठ्ठीत एक आकडा चुकलेला नव्हता. त्यावर कोणी काही बोललं नाही.

'जुन्या तारेचे बाराशे कमी' असं त्यानं वाचलं तेव्हा काकू म्हणाली, "थांब रे. हे तार काय होय?"

"काही नाही व माय, असंच."

"तुले नाही, तिले इचारून राहिली मी."

मी दारात आले. डोक्यावरचा पदर धरून एका दमात बोलले, "मोटर भराले देली का जुनी तांब्याची तार निंघते, काकू. वाइंडिंगवाला तिचे पैसे वापस देते."

"मंग मागच्या वेळी बी देले असन?"

भाऊ कागदाची घडी करू लागला. "देले असन. ध्यानात नाही."

"अन् मागं कोणाच्या दिवशी जळली होती?"

"भाऊच्या," मी म्हणाले. "तरी मी माह्या तीन हिश्शाचे अठ्ठेचाळीसशे देले. भाऊच्या हातची चिठ्ठी माह्या पिशवीत आहे."

ती तीन महिन्यांपासून पिशवीतच होती. आणून काकूच्या हातात दिली. काकूला वाचता येत नाही. तिनं ती जावयाला दिली. त्यानं वर-खाली दोनदा पाहिली आणि म्हणाला, "याच्यात तं तार नाही दिसून राहिली."

"घरात महालक्ष्म्या बसल्या आहेत," भाऊ म्हणाला. "पैशाच्या गोष्टी काहून काढता आज?"

"कोणं काहाडल्या?" काकू म्हणाली. "मी तं पान खाऊन राहिली होती."

वहिनीनं बायकांची पानं मांडली. त्या दिवशी मला घास गेला नाही, आणि आपण का जेवत नाही याचाही राग आला.

आठ दिवसांनी व्यापारी बगीचा पाहायला येणार होता, म्हणून भाऊ आला. बोअरजवळ त्यानं खिशातून पाकीट काढून दिलं. मी त्याच्यासमोरच मोजलं. आधी कधी मोजलं नसतं. सात हजार दोनशे पन्नास होते.

"साडेचारशे जास्त आहेत," मी म्हणाले.

तो मोटरच्या डब्याकडे पाहत होता. "मागच्या तारेचे साडेदहाशे आले होते. तुहे तीन हिस्से."

मी मनात भाग घातला. दीडशेचा एक हिस्सा, तीनाचे साडेचारशे. बरोबर होतं. माफी त्यानं मागितली नाही आणि 'राहू द्या' असं मीही म्हणाले नाही. पाकीट पदराच्या गाठीत बांधलं. घरी येऊन मोटरच्या बिलामागे, माझ्या त्याच वाकड्या अक्षरात लिहिलं: भावाकडून सर्व पैसे मिळाले, काही बाकी नाही.