माफीच्या गाण्यांचे परीक्षक

पुण्यात भांडणारी जोडपी पुष्कळ आहेत आणि गाण्याचे दर्दीही पुष्कळ आहेत. पण भांडण झाल्यावर बायकोची माफी कोणत्या गाण्याने मागावी आणि कोणत्या गाण्याने मुळीच मागू नये, याचा अखेरचा निकाल देणारा माणूस या शहरात एकच आहे, आणि तो माझ्या नशिबी साडू म्हणून आला आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. सरकारी खात्यातून निवृत्त झाले, शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत मुक्कामाला आले आणि तेव्हापासून इतरांच्या संसारातली भांडणं हा त्यांचा पूर्णवेळ उद्योग झाला. आम्ही त्यांना साडूबुवा म्हणतो. कीर्तनकाराला शोभेल असा आवाज आणि कोणाचंही मत खोडून काढण्याची तयारी, या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे असल्यामुळे ‘बुवा’ हे शेपूट त्यांना आपोआप चिकटलं. स्वतः त्यांनी आयुष्यात कोणाची माफी मागितल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. अर्थात पोहायला शिकवणारे कित्येक जण काठावरच उभे असतात, त्यामुळे आम्हीही ते फारसं मनावर घेतलं नव्हतं.

साडूबुवांचं म्हणणं असं, की माफीची म्हणून जी गाणी लोक म्हणतात त्यातली बहुतेक माफीची नसतातच. ‘तू नाहीस तर मी जगणार नाही’ अशा अर्थाचं काही कानावर पडलं की ते हात वर करून गाणं थांबवायचे. “ही माफी नाही, धमकी आहे. आधी तिच्यावर ओरडायचं आणि मग स्वतःच्या मरणाची जबाबदारीही तिच्याच डोक्यावर ठेवायची?” डोळ्यांची, केसांची, चालण्याची स्तुती करणारं गाणं म्हणजे लाच. गायक हुंदके देत असेल तर तो बाद, कारण मग ज्या बाईचं मन दुखावलं तिनेच उठून याचे डोळे पुसायचे. ‘चुकलो आपण दोघेही’ या वळणाची गाणी ते सगळ्यांत हीन मानत. माफी मागता मागता अर्धी चूक समोरच्याच्या पदरात टाकणाऱ्याला येरवड्याला धाडलं पाहिजे, असं त्यांचं मत होतं आणि ते मत ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा मांडत.

मग उरतं काय, असं कोणी विचारलं की साडूबुवा खुलत. गाणं साधं हवं. त्यात चूक कबूल केलेली हवी आणि ‘पण’ नको. व्हायोलिनचा ताफा नको. एवढा लवाजमा घेऊन माफी मागायला आलेला माणूस वरातीत आल्यासारखा दिसतो. स्वतः गायचं, खालच्या पट्टीत, निम्म्या आवाजात. बेसूर झालं तरी हरकत नाही, पण वरच्या सुरात जाऊन ताकद दाखवायची नाही. जे कडवं आपल्या भांडणाला लागू नाही ते सरळ गाळायचं. गाणं तिच्या आवडीचं हवं, आपल्या नव्हे. राग तापलेला असताना गायचं नाही, चारचौघांत गायचं नाही, एकदाच गायचं. गाताना तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचं नाही आणि झाल्यावर ‘आवडलं का?’ असं विचारायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, आधी ‘माझं अमुक चुकलं’ हे साध्या बोलण्यात सांगून मगच गाणं. “गाणं हे माफीच्या मागून येतं,” ते म्हणत, “माफीच्या बदली येत नाही.” हे सगळं इतकं बरोबर होतं की ऐकणाऱ्याला राग यायचा.

आमच्या सदाशिव पेठेतल्या इमारतीत वरच्या मजल्यावर आयटीतलं एक जोडपं राहतं. त्यातला नवरा बायकोचा वाढदिवस विसरला. नुसता विसरला असता तर निभावलं असतं, पण वर “एवढं काय त्यात?” असंही म्हणाला. त्याने ठरवलं की खाली पार्किंगमध्ये उभं राहून स्पीकरवर गाणं लावायचं. नेमके साडूबुवा आमच्याकडे आले होते. त्यांनी त्याला जिन्यातच गाठलं.

“कोणाची माफी मागताय? तिची की सोसायटीची?”

“काका, सरप्राइज आहे. सगळे खाली येतील, एकदम इमोशनल होईल.”

“सगळे आल्यावर तिला ‘माफ नाही केलं’ म्हणता येईल का?”

त्याने हातातला स्पीकर पायरीवर टेकवला.

“मग ती माफी नाही, घेराव आहे. स्पीकर वर न्या. ती चहा पीत असेल तेव्हा सांगा, की वाढदिवस विसरलो आणि वर तुझंच दुखणं लहान केलं. मग तिला आवडतं ते गुणगुणा. आणि गप्प बसा. गप्प बसणं जमेल ना?”

त्या पोराने तसं केलं. बायको लगेच हसली वगैरे नाही. ती म्हणाली, “ठीक आहे, मला जरा वेळ दे.” पोरगा धावत खाली आला, की काका, काम झालं नाही. साडूबुवा म्हणाले, “तेवढंच व्हायला हवं होतं. वेळ द्या म्हणाली ना? मग द्या.” रविवारी ती दोघं एका स्कूटरवरून भाजी आणायला जाताना दिसली आणि साडूबुवांनी आमच्या खिडकीतून अशा काही ताठ मानेने पाहिलं, की जणू लग्न त्यांनीच लावलं होतं.

आता ताईंबद्दल सांगतो. ताई म्हणजे साडूबुवांची बायको. वर्षानुवर्षं स्वयंपाकघरात कणीक मळता मळता त्यांनी बाहेरच्या खोलीतली ही सगळी प्रवचनं ऐकली होती. एके दिवशी त्यांनी साडूबुवांचा जुना टेपरेकॉर्डर भंगारवाल्याला देऊन टाकला. तो वाजत नव्हता, पण जिच्यावर आपण तरुणपणी गाणी ऐकली ती वस्तू न विचारता गेली म्हणून साडूबुवा दुखावले आणि अबोला धरून बसले. हे दुखावणं खरं होतं, आणि ताईंनाही ते कळलं. संध्याकाळी चहा ठेवून त्या समोर बसल्या, “माझं चुकलं, विचारायला हवं होतं,” असं म्हणाल्या आणि हळू आवाजात एक गाणं म्हणू लागल्या.

‘तुम्ही अबोल, घर ओस सारे...’ एवढा मुखडा झाला आणि परक्याला थांबवावं तसा साडूबुवांचा हात वर गेला.

“थांबा. घर ओस पडणं हा दबाव आहे. मुखडा पडेल आहे. कोणाचं हो हे?”

ताई म्हणाल्या, “माझं.”

त्यांनी कप विसळले, पिशवी भरली आणि रिक्षाने आमच्याकडे आल्या. रडल्या नाहीत, तक्रारही केली नाही. माझ्या बायकोने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, “मी तिथे परीक्षेला बसले नव्हते.” ते ऐकून मला साडूबुवांचा मनापासून राग आला, आणि माझ्या बायकोला तर इतका आला, की तिने त्यांच्या वाटणीचं लोणचंही बरणीत परत टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून साडूबुवांचे मला फोन. गाणं हवं होतं. ज्या माणसाने अख्ख्या पुण्याला गाणी पुरवली, तो माझ्यासारख्या औरंगजेबाकडे गाणं मागत होता! मी सुचवलेलं प्रत्येक गाणं त्यांनी फेटाळलं. ते सवयीचंच होतं. पण त्यांनी स्वतः काढलेलं गाणंही ते स्वतःच फेटाळत होते. हे रडकं, त्यात ‘पण’ आहे, हे माझ्या आवडीचं आहे, तिच्या नाही. शेवटी तिच्या आवडीचं गाणं कोणतं, यावर ते अडले. मग म्हणाले, “अहो, मला माहीतच नाही. आणि मी जे केलं ना, त्यावर गाणंच नाही कोणाचं. माफी मागणाऱ्याला मध्येच थांबवून गुण देणारा माणूस कवींच्या डोक्यातच आला नसणार.” एरवी मी यावर पोट धरून हसलो असतो. त्या वेळी हसू आलं नाही. या वयात बायको परत येईल की नाही, या विचाराने त्या माणसाचा कीर्तनी आवाज अगदी बारीक झाला होता.

मग एका सकाळी ते स्वतःच आले. हातात गजरा नाही, मिठाई नाही, पेटी नाही. माझी बायको दारातच म्हणाली, “या भाऊजी. आज कोणाचा निकाल?” त्यांनी चपला काढून कडेला ठेवल्या. मी आणि बायको आत जायला निघालो, कारण चारचौघांत नको हा त्यांचाच नियम, पण ताई म्हणाल्या, “बसा तुम्ही. मला चालेल.”

साडूबुवा खुर्चीच्या कडेवर टेकले. “तू मनापासून बोलत होतीस आणि मी मध्येच तुला थांबवलं. तुझ्या गाण्याला नावं ठेवली. ते चुकलं माझं. तू नाहीस तर घर ओ...” आणि इथे त्यांनी जीभ चावली. उरलेला शब्द त्यांनी गिळला. मला तो शब्द स्पष्ट कळला आणि ताईंनाही कळला, कारण त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. “गाणं नाही आणलं मी,” ते पुढे म्हणाले. “तुझं पुढचं ऐकायचं राहिलं. म्हणावंसं वाटलं तर ऐकीन. नाही वाटलं तरी काही नाही.”

“गुण देणार का?” ताईंनी विचारलं.

“नाही.”

ताई उठून स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज झाला, गॅस पेटला, आणि मग आतून अंतरा ऐकू आला. मुखडा त्यांनी गाळला होता.

‘न विचारता दिली तुमची वस्तू मी,
ती माझी नव्हती, एवढं कळलं;
बोला, न बोला, तुमची मर्जी,
चुकलं ते मला सांगायचं होतं.’

खालची पट्टी, निम्मा आवाज. चूक नेमकी कबूल केलेली, ‘पण’ नाही, रडणं नाही, आणि समोरच्याला गप्प राहायची मोकळीक. साडूबुवांनी जन्मभर जे जे सांगितलं ते सगळं त्या चार ओळींत होतं, आणि ते ऐकायला ते एका मुखड्यापलीकडे थांबले नव्हते. ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत बसले होते, टक लावून बघायचं नाही या त्यांच्याच नियमाप्रमाणे. पण चतुर्थी कधी आहे हे त्यांना दिसत असेल असं वाटलं नाही.

ताई त्या दिवशी त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. म्हणाल्या, “येईन सावकाश.” साडूबुवांनी मान हलवली आणि एकटेच जिना उतरले. पुढे त्या सावकाश गेल्याही.

साडूबुवांचा दरबार अजून भरतो, पण निकाल देण्याआधी ते आता गाणं शेवटपर्यंत ऐकून घेतात. त्यामुळे गर्दी कमी झाली आहे. पुण्यात झटपट अपमान झाल्याशिवाय सल्ला खरा वाटत नाही. परवा दुपारी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ताई बाजारात गेल्या होत्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आत साडूबुवा एकटेच शेंगा सोलत बसले होते आणि गुणगुणत होते. ‘तुम्ही अबोल, घर ओस सारे...’ पट्टी चुकली होती, सूर उतरला होता, आणि तो मुखडा तर अजूनही सरळसरळ दबावच होता. मी दारातच उभा राहिलो. त्यांचं म्हणून होईपर्यंत मी कडी वाजवली नाही.