तेराव्याच्या पाकिटाचा ओव्हरटाइम

बायकोच्या तेराव्याला आमच्या डाळमिलचे मालक आले. माझ्या हातात पाकीट ठेवलं आणि हात सोडेचनात. मला वाटलं, माणसाला लईच दुःख झालंय. मागं मॅनेजर मोबाइल धरून उभा, त्याचा फोटो हलला होता. मग पाकीट परत घेतलं, परत दिलं. दुसऱ्यांदा मालकाचा चेहरा जास्त रडका आला. संध्याकाळी मिलच्या ग्रुपवर फोटो, खाली मजकूर : 'कामगाराच्या दुःखात मालकाची मदत. परतफेडीची अपेक्षा नाही.'

उदगीरच्या त्या मिलमध्ये मी मशीनवर होतो. पाळी आठ तासांची, म्हणजे कागदावर. तुरीच्या गाड्या लागल्या की मॅनेजर खांद्यावर हात टाकायचा, "मामा, एवढा लॉट काढून जावा." त्याचा लॉट कधी संपायचा न्हाई. घरी बायको आजारी, तरी माझ्यासाठी जेवायला थांबायची. "अहो, त्या मिलसंगंच लगीन लावायचं होतं की," म्हणायची.

मी तिसरीपर्यंत शिकलेलो. नेमणूकपत्र तिनंच वाचून दाखवलं होतं. कलम सात : आठ तासांवरच्या कामाला दुप्पट दरानं मजुरी. "हे कलम काय पूजेला ठेवलंय का? मागा की." मी म्हणलो, सीझन सरू दे. सीझन सरायच्या आधी ती गेली. मग मिलमध्ये मन लागंना, काम सोडलं. हिशेबात कलम सात कुठंच नव्हतं. म्हणलं, आता मागायचंच. मागायचं ते माझं, त्यांची दया न्हाई.

झेरॉक्सच्या दुकानातल्या बाईकडून अर्ज टाइप करून घेतला. तिनं शेवटी 'आपला नम्र सेवक' घातलं.

"ते काढ."

"मामा, तशी पद्धत असते."

"पद्धतीनंच तर एवढे दिवस फुकट राबलो, बाई."

तिनं काढलं. अर्जाला नेमणूकपत्राची प्रत जोडली आणि हजेरीचे कागद. ते मला मॅनेजरच्या हौसेनं मिळाले. दर महिन्याला अंगठ्याच्या मशीनमधली यादी तो गेटजवळच्या बोर्डावर लावायचा, माणसं लाजावीत म्हणून. उशिरा येणाऱ्याला लाल रंग. उशिरा जाणाऱ्याला रंगच नव्हता, पण जायची वेळ छापलेली असायची. मी दर यादीचा फोटो काढून ठेवला होता.

अर्ज घेतल्याचा शिक्का मॅनेजर देईना. मग मालकाला रजिस्टर पोस्टानं धाडला आणि एक प्रत लातूरला कामगार अधिकाऱ्याकडं दिली. मालकाचं उत्तर आलं : 'जादा कामाची रक्कम अर्जदारास त्यांच्या पत्नीच्या तेराव्याच्या दिवशी रोख दिलेली आहे. शोकामुळे त्यांच्या लक्षात नसावे.'

बायको मेलेली माझ्या लक्षात होती. पाकीटही होतं.

लातूरच्या हापिसात दोघांना बोलावलं. मालक आले न्हाईत, मॅनेजर आला. अधिकारी बाई होत्या.

"ओव्हरटाइमचं रजिस्टर आणलंय?"

"मॅडम, ते लिहायचं राहून गेलंय."

"या हजेरीच्या याद्या तुमच्याच ना?"

"आमच्याच. पण मशीन संध्याकाळी जरा चुकती."

"सकाळी चुकत न्हाई व्हय?" मी म्हणलो. "सकाळी पाच मिनिटं उशीर झाला तर पगार कापून घेत होतास की."

बाईंनी मला हातानंच गप्प केलं, पण त्यांच्या ओठाला हसू आलं होतं. मग विचारलं, "रक्कम दिली म्हणता, तर मजुरी म्हणून यांची सही कुठंय?"

मॅनेजर म्हणला, "सुतकाच्या घरात सही कशी मागायची, मॅडम? माणुसकी असती."

"अन् फोटो दोनदा काढायचा असतो?" मी मोबाइल त्यांच्यापुढं ठेवला. बाईंनी खालचा मजकूर मोठ्यानं वाचला. 'मदत. परतफेडीची अपेक्षा नाही.'

"मग ही मदत होती का मजुरी?"

"ते नुसतं ग्रुपसाठी होतं, मॅडम."

"मदत मजुरीत वळती करता येत नाही. तडजोड करा, नाहीतर यांना मजुरीच्या दाव्याला पाठवते. तिथं रजिस्टर मागतील."

मॅनेजर बाहेर जाऊन मालकाशी फोनवर बराच वेळ 'हाव, हाव' करत राहिला. पुढच्या तारखेला चेक घेऊन आला. संगं तडजोडीचा कागद. मी बोट लावून सावकाश वाचला. 'कामगाराची परिस्थिती पाहून सहानुभूतीपूर्वक' असं त्यात होतं.

"हे खोड."

"मामा, पैसे पुरे मिळालेत न्हवं? एका शब्दासाठी कशाला अडून बसता?"

"मग तू कशाला घातलास?"

त्यानं बाईंकडं बघितलं. बाई दुसरी फाइल चाळत होत्या. त्यानं खोडलं, वर 'कलम सातप्रमाणे जादा कामाची मजुरी' लिहिलं. मग मी सही केली. त्यानं चेक पुढं केला आणि सवयीनं खिशातून मोबाइल काढला.

"मामा, एक फोटो घेऊ का? मालक म्हणलेत."

"घे की," म्हणलो. "खाली कलम सात लिही. अन् हलवू नकोस, मी चेक दुसऱ्यांदा घेणार न्हाई."