पोस्टातलं घड्याळ

भोरच्या पोस्टात मी कारकून होतो. डाकेची मोटार सव्वादहाला यायची. ती थांबली की भिंतीवरच्या घड्याळात पाहून मी वेळ वहीत लिहायचो. दहा मिनिटांपर्यंतचा उशीर माफ होता. त्या महिन्यात मात्र रोज बारा-तेरा मिनिटं भरत होती. शेवटी ड्रायव्हरचं काम काढून घ्यायला पुण्याहून तपासनीस आले.

"साहेब, कापूरहोळहून म्या येळेवर निघतो. वाटेत कुठं थांबत न्हाई," ड्रायव्हर म्हणाला.

मला त्याचा रागच आला. कामचुकार माणसं अशीच बोलतात.

तपासनीसांनी वही पुन्हा चाळली. "ऊन असो, पाऊस असो, उशीर तेवढाच कसा?" असं म्हणून ते आतल्या तारबाबूंजवळ जाऊन बसले. तिथं रोज बरोबर चारला तारेवर वेळेची खूण यायची. ती आली तेव्हा आमच्या भिंतीवर चार वाजून बारा मिनिटं झाली होती.

शिपाई वेळेवर यावेत म्हणून महिन्याच्या सुरुवातीला काटा मीच पुढं सरकवला होता, आणि साफ विसरलो होतो.

ड्रायव्हरसमोर बसून मी एकेका नोंदीतून बारा मिनिटं वजा केली. शिपाई त्या महिन्यातही उशिराच येत होते.