आगगाडीचं ओळखपत्र

पट्टीबाईच्या दुकानात शिरताना गिऱ्हाईक आधी तिच्या हाताकडे बघायचं. पोलादी पट्टी आडवी असली, तर बाई मोजण्यात गुंग आहे, खुशाल आत जावं. पट्टी उभी असली, तर कुणाची तरी खरडपट्टी चालली आहे, तेव्हा समोरच्या चपलांच्या दुकानात उगाच जोड बघत उभं राहावं.

ती पट्टी तिच्या बापाची. बाप छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा आणि घरी आला की पोरांची हाडं सैल करायचा. वहीतली ओळ वाकडी गेली की पट्टी, उत्तर उशिरा आलं की पट्टी, आणि त्याचा स्वतःचा दिवस वाईट गेला तर कारणाशिवाय पट्टी. पट्टीबाईच्या डाव्या भुवईत जी पांढरी चीर दिसते, ती तिथूनच आली. बाप गेल्यावर भावांनी घर वाटून घेतलं, हिनं पट्टी उचलली. पुढे लग्न झालं. नवऱ्यानं पहिल्यांदा हात उगारला त्याच संध्याकाळी तिनं त्याच पट्टीनं त्याचं मनगट मोडलं, पिशवी भरली आणि चालू पडली. त्यानंतर ती एकटीच राहिली. मार खाण्यात मोठेपणा असतो असं सांगणाऱ्या माणसांचा तिला मनस्वी राग यायचा, आणि माझंही तिच्याशी त्या बाबतीत एकमत आहे.

दुकान शाळेच्या मागच्या गल्लीत. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि वर्षातून एकदा शाळेची सगळी ओळखपत्रं. हे काम ती जीव ओतून करायची. लोकांना वाटतं, कार्ड म्हणजे काय, फोटो चिकटवा, नाव टाका, झालं. बाईसमोर असं बोलून बघा. हातात मावणारं ते उभं कार्ड, त्यात वर दोरीसाठी खाच पडणार, ती मुलाच्या डोक्यावर येता कामा नये. सगळ्यांचे चेहरे एकाच मापाचे हवेत, नाहीतर एकाचं भोपळ्याएवढं डोकं आणि दुसऱ्याचं लिंबाएवढं. बारकोड पांढऱ्यावर काळाच हवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा हवी. ती कोरी जागा बघून हेडबाई दरवर्षी म्हणायच्या, "इथं एखादी वेल काढा ना, छान दिसेल." मग पट्टी उभी व्हायची. वेल काढली तर मशीनला रेघा कुठे सुरू होतात तेच कळणार नाही, यावरून त्या दोघी दरवर्षी नव्यानं भांडायच्या.

सगळ्यात मोठी डोकेदुखी नावांची. एका पोराचं नाव एवढंसं, दुसऱ्याचं पूर्ण गाव घेऊन आलेलं. इतर दुकानदार लांब नाव आलं की अक्षर बारीक करायचे किंवा शेवटचं कापून टाकायचे. पट्टीबाई तसं करायची नाही. तिचं म्हणणं, लांब नावाच्या पोरानं काय गुन्हा केलाय की त्यानं वर्षभर मुंगीएवढ्या अक्षरांत फिरावं? म्हणून ती शाळेतलं सर्वांत लांब नाव शोधायची, ते दोन ओळींत नीट बसेल एवढी चौकट आणि एवढं अक्षर ठरवायची, आणि तेच अक्षर सगळ्यांना. लांब नाव बसलं की बाकीची आपोआप बसतात. पहिलं नमुन्याचं कार्ड म्हणून नेहमी सर्वांत लांब नावाचंच निघायचं.

त्या वर्षी तो मान दुसरीतल्या एका मुलीला मिळाला. स्वतःचं नाव, आईचं नाव, बापाचं नाव आणि शिवाय मधे आडवी रेघ घातलेलं जोडआडनाव. पट्टीबाईनं तिचं नाव आगगाडी ठेवलं. आगगाडीचे पुढचे दोन दात पडलेले, तरी फोटोत तोंड भरून हसू. मागच्या बाजूला रक्तगट, तातडीचे दोन फोन आणि हेडबाईंच्या हट्टापायी घराचा पूर्ण पत्ता. बाईनं दोन कार्डं काढली. एक शाळेत मंजुरीला गेलं. दुसरं इतकं देखणं उतरलं होतं की तिनं ते गल्ल्याच्या काचेखाली, फोटो वर करून ठेवलं. शाळेचं नाव जाहिरातीत चालत नाही, म्हणून वरच्या पट्ट्यावर 'नमुना' लिहिलेला कागद घट्ट चिकटवला.

दोन दिवसांनी आगगाडीची आई धावत आली. शाळेनं नाव तपासायला पाठवलेलं कार्ड तिच्या हातात होतं. बोलायला तोंड उघडलं की तिचा जबडा एका बाजूला सरकायचा.

"ताई, हा पत्ता काढा. पाया पडते."

"पाया नको पडूस, मला चीड येते. काय झालं ते सांग."

तिनं सांगितलं. नवऱ्यानं पट्ट्याच्या बकलानं जबडा फोडला होता. ती पळाली, त्यानं शोधून काढलं, आणि त्या वेळी अंगावर रॉकेल ओतलं. काडी ओली निघाली म्हणून ती जिवंत होती. आता हे तिसरं घर. मुलगी गळ्यात पत्ता लटकवून रस्त्यानं हिंडणार, कुणीही कार्ड उलटं करावं आणि वाचावं.

पट्टीबाईनं ते कार्ड तिच्या हातून घेतलं, कटरखाली धरलं आणि तिच्यासमोर त्याचे तुकडे केले. तडक शाळेत गेली.

"मूल हरवलं तर?" हेडबाई म्हणाल्या. "पत्ता नको?"

"शाळेचा फोन आहे, घरचे दोन फोन आहेत. बारकोड तुमच्या ऑफिसात लावला की पत्ता तुमच्या पडद्यावर येतो. कार्डात फक्त नंबर राहू दे. पत्ता वाचून घरी कोण पोचेल, ते तुम्ही ठरवणार आहात का?"

"इतकी वर्षं छापतोय, काही झालं नाही."

"आपल्याला कळलं नाही म्हणा!" असं म्हणून तिनं टेबलावर पट्टी एवढ्या जोरात आपटली की शाईची बाटली आडवी झाली. हेडबाईंनी शाई पुसत मान डोलावली. एकट्या आगगाडीच्याच नव्हे, सगळ्या मुलांच्या कार्डांवरचा पत्ता गेला. मोकळ्या जागेत रक्तगट ठसठशीत झाला. कार्डं वाटली गेली आणि पट्टीबाईला बरेच दिवस स्वतःचाच अभिमान वाटत राहिला.

काचेखालचं कार्ड मात्र तसंच पडून होतं. रोज त्यावर कोपर टेकवून ती चहा प्यायची. रोज समोर दिसणारी वस्तू माणसाला दिसेनाशी होते, तसंच झालं.

एका भर दुपारी एक माणूस कसल्याशा कागदाची झेरॉक्स काढायला आला. इस्त्रीचा शर्ट, आवाजात मध. बाईनं कागद मशीनवर ठेवला. मागून आवाज आला.

"ही पोरगी कुठल्या शाळेत आहे हो?"

पट्टीबाई वळली. माणसाचं बोट काचेवर होतं, बरोबर पडलेल्या दोन दातांवर. बोटाखालची चौकट, त्यातली दोन ओळींची आगगाडी, दुसऱ्या ओळीतलं बापाचं नाव, हे सगळं तिला एकदम दिसलं. आणि त्या कार्डाची न दिसणारी बाजूही दिसली. 

"नमुना आहे. खोटं नाव आहे," ती म्हणाली.

"माझं नाव खोटं?" तो हसला. "कार्ड काढा."

"दुकान बंद झालं."

त्यानं टेबलावरचा खाचा पाडायचा लोखंडी पंच उचलला आणि काचेवर घातला. काच फुटली. दोघांचेही हात एकदम आत गेले. तिचा आधी पोचला. त्यानं तिच्या केसांना धरून तोंड गल्ल्यावर आपटलं, एकदा, पुन्हा एकदा. नाकातून रक्ताची धार लागली. तिनं पट्टी मागे फिरवली, ती त्याच्या कानावर बसली, कान फाटला. तो ओरडला, पण केस सोडले नाहीत. पट्टी हिसकून घेऊन त्यानं तिच्या पाठीवर चालवली, अगदी बाप चालवायचा तशी, धारेच्या बाजूनं. "दे! माझी पोरगी आहे! दे!"

कटर हाताच्या अंतरावर होता. केस तुटले तर तुटोत म्हणून तिनं मानेला हिसडा दिला, कार्ड पात्याखाली सरकवलं आणि दांडा दाबला. एक तुकडा. त्यानं तिचं मनगट पिरगाळलं. दुसरा तुकडा. तो तिच्या अंगावर कोसळला, त्याच्या वजनानं दांडा पुन्हा खाली आला आणि या वेळी कार्डाबरोबर तिच्या करंगळीचं टोकही गेलं. तिनं किंकाळी फोडली नाही, शिवी दिली, आणि दांडा आणखी दोनदा दाबला. मग रक्ताळलेल्या तळव्यानं सगळे तुकडे खालच्या डब्यात ढकलले आणि डबा लाथेनं उलटा केला. वर्षभराच्या कार्डांच्या कडा, खाचांच्या टिकल्या, प्लास्टिकच्या पट्ट्या जमिनीवर पसरल्या.

तो गुडघ्यांवर बसून ती रास उपसू लागला. हातात येतील ते तुकडे जोडून बघत होता. जुळेनात तेव्हा उठला आणि तिच्या बरगड्यांत लाथा घालू लागला. चपलांच्या दुकानातले दोघे धावत आले, त्यांनी त्याला खाली पाडलं आणि त्यालाही हातचं राखून मारलं नाही. पोलीस येईपर्यंत एकजण त्याच्या पाठीवर बसून होता.

दवाखान्यात आगगाडीची आई आली. पट्टीबाईचा एक डोळा मिटलेला, ओठ सुजलेले, हाताला पांढरं बोचकं. आईनं तिचा धडधाकट हात आपल्या हातात घेतला आणि रडू लागली. "माझ्यासाठी जीव घालवत होतात, ताई."

आता गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. कुणी विचारणारं नव्हतं. पण बापाच्या हाताखाली वाढलेल्या त्या बाईला फुकटचं कौतुक पचत नसे.

"दोन कार्डं काढली होती," ती म्हणाली. "तुझ्यासमोर एक कापलं. दुसरं माझ्या काचेखाली होतं. पत्त्यासकट. मी विसरले. तुम्ही दोघी याच गावात आहात, हे त्याला माझ्यामुळं कळलं."

आईचं रडणं थांबलं. हात सुटला. आणि तोच हात फिरून पट्टीबाईच्या सुजलेल्या गालावर असा बसला की पलीकडच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली.

बापानंतर पट्टीबाईनं परत न केलेली ती पहिली थप्पड. तिनं तोंडसुद्धा फिरवलं नाही.

नर्स कागद घेऊन दारात थबकली होती. ती आत येऊन म्हणाली, "यांचा तातडीचा संपर्क राहिलाय. कुणाला कळवायचं?"

हजारो पोरांसाठी ती चौकट आखणारी बाई छताकडे बघत म्हणाली, "कुणी नाही. रेघ मारा."

 आईचा तळहात लाल झाला होता. "माझा नंबर घ्या," ती नर्सला म्हणाली.

"नातं?"

"बहीण लिहा."

आणि ती नंबर सांगायला लागली, तशी पट्टीबाई फुटक्या ओठांनी खेकसली, "हळू! दार उघडं आहे."

आई उठली, दार लावून आली, आणि नर्सच्या कानाशी वाकून एकेक आकडा सांगू लागली.